युरियाचं परदेशी लोशन संपलं तर इंदूरमध्ये पर्याय कसा शोधायचा

परदेशातून मुलाने किंवा सुनेने आणलेलं मॉइश्चरायझर संपत आलं की मंडळी रिकामी बाटली घेऊन माझ्या औषधाच्या काउंटरवर येतात आणि विचारतात, "यासारखं आपल्याकडे काय मिळेल?" उत्तर बाटलीच्या मागच्या बाजूला छापलेलं असतं. पुढच्या बाजूवरचं नाव, चित्र आणि मोठ्या अक्षरातला एखादा पदार्थ यांवरून शोध घेतला तर बहुतेक वेळा चुकीची ट्यूब घरी जाते. मागची यादी नीट वाचली तर तिच्या जवळपास जाणारी वस्तू इंदूरच्या साध्या मेडिकलमध्येही मिळू शकते, आणि मिळत नसेल तर दोन वस्तूंच्या जोडीने काम भागवता येतं.

सगळ्या प्रकारच्या क्रीमबद्दल एकदम लिहिण्यापेक्षा मी इथे एकच प्रकार घेते, १० टक्के युरिया असलेलं लोशन. एक तर जर्मनीहून येणाऱ्या बाटल्यांमध्ये हे हमखास असतं. दुसरं, आपल्या माळव्यात दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की नडग्यांवर पांढरे खवले येतात, टाचा कडक होतात, आणि बोरिंगच्या जड पाण्याने रोज आंघोळ असेल तर अजून भर पडते. अशा त्वचेला युरिया चांगला लागू पडतो. तिसरं कारण महत्त्वाचं आहे: युरियाची टक्केवारी पॅकवर छापलेली असते, त्यामुळे यादीतल्या बाकीच्या पदार्थांचा अंदाज बांधायला एक पक्की मोजपट्टी हाती येते.

आधी कामाचं नाव लिहा

कागदावर पहिली ओळ लिहायची ती ही: हे लोशन मी कुठे लावते आणि त्याने नेमकं काय होतं. "नडग्यांवरचे खवले जातात" हे एक काम आहे, "टाचेची जाड कातडी मऊ होते" हे दुसरं, आणि "आंघोळीनंतर अंग ओढल्यासारखं वाटत नाही" हे तिसरं. बाटली एकच असली तरी यातलं कुठलं काम हवं आहे त्यावर पर्याय बदलतो.

कारण युरिया प्रमाणानुसार वागणूक बदलतो. ५ ते १० टक्क्यांपर्यंत तो मुख्यतः पाणी धरून ठेवतो. आपल्या त्वचेच्या वरच्या थरात निसर्गतःच युरिया असतो, तिथलं पाणी टिकवण्याचं काम तोही करत असतो, आणि कोरड्या त्वचेत तो कमी झालेला आढळतो. १० टक्क्यांच्या वर गेलं की तो मृत पेशींमधला चिकटपणा सैल करू लागतो, २०–३० टक्क्यांना जाड कातडी सोलण्याचं काम ठळक होतं, आणि ४० टक्क्यांची क्रीम तर जाड झालेली नखं मऊ करण्यासाठी वापरतात. म्हणून १० टक्क्यांच्या लोशनला पर्याय म्हणून २० टक्क्यांची ट्यूब घेणं म्हणजे दुप्पट फायदा नव्हे. ते काम वेगळं आहे, आणि पातळ त्वचेवर ते झोंबेल.

यादी वाचण्याची पद्धत

युरोपात, अमेरिकेत आणि आपल्याकडेही सौंदर्यप्रसाधनाच्या पॅकवर घटकांची यादी उतरत्या क्रमाने द्यावी लागते. जे सर्वात जास्त ते पहिलं. पण हा क्रम एक टक्क्यापर्यंतच पाळावा लागतो. एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले घटक त्यापुढे कुठल्याही क्रमाने लिहिलेले चालतात. म्हणजे यादीत एक न दिसणारी रेषा असते आणि आपल्याला ती रेषा शोधायची असते.

ती शोधायची एक सोपी खूण आहे, फेनॉक्सिइथेनॉल. हे टिकाऊपणासाठी घातलं जातं आणि युरोपच्या नियमांनुसार ते एक टक्क्याच्या वर घालता येत नाही. भारतीय मानकांतही मर्यादा तीच आहे. तेव्हा यादीत फेनॉक्सिइथेनॉल जिथे येतं, त्यानंतरचं सगळं एक टक्का किंवा त्याहून कमी आहे हे नक्की. रेषा त्याच्याही थोडी आधी असू शकते, नंतर मात्र नसते. फेनॉक्सिइथेनॉल नसेल तर झँथन गम, कार्बोमर, डायसोडियम ईडीटीए यांपैकी काही दिसतं का पाहा. हे घटक बहुधा एक टक्क्याच्या आतच वापरले जातात, त्यामुळे खूण म्हणून चालतात, पण फेनॉक्सिइथेनॉलइतके पक्के नाहीत.

आता खऱ्या उदाहरणावर येऊ. जर्मन लोशनची अशी एक यादी घ्या: पाणी, ग्लिसरीन, युरिया, सेटिअरिल अल्कोहोल, सोडियम लॅक्टेट, शिया बटर, कॅप्रिलिक/कॅप्रिक ट्रायग्लिसराइड, डायमेथिकोन, लॅक्टिक ॲसिड, फेनॉक्सिइथेनॉल, सिरॅमाइड एनपी, झँथन गम. पुढे मोठ्या अक्षरात "१०% युरिया".

युरिया १० टक्के आहे हे माहीत आहे आणि ग्लिसरीन त्याच्या आधी आलं आहे. म्हणजे ग्लिसरीन किमान १० टक्के आहेच. हा निष्कर्ष पॅकवर कुठे छापलेला नाही, पण पर्याय निवडताना तोच सर्वात उपयोगी पडतो. या बाटलीत पाणी धरणारे पदार्थ २० टक्क्यांहून जास्त आहेत आणि त्यातला मोठा वाटा ग्लिसरीनचा आहे. बाटलीचं नाव युरियाच्या नावाने असलं तरी त्वचा मऊ राहण्याचं मोठं श्रेय ग्लिसरीनला आहे. जो माणूस दुकानात फक्त "युरिया १०" मागेल, त्याच्या हातून हे अर्धं लोशन निसटेल.

मग बाकीच्या नावांची तीन गटांत विभागणी करा. पाणी धरणारे: ग्लिसरीन, युरिया, सोडियम लॅक्टेट. मऊ करणारे स्निग्ध पदार्थ: सेटिअरिल अल्कोहोल, शिया बटर, ट्रायग्लिसराइड. वरून झाकण घालणारे, म्हणजे पाणी उडू न देणारे: इथे फक्त डायमेथिकोन, तेही यादीत खाली. सेटिअरिल अल्कोहोलमधल्या "अल्कोहोल" शब्दाला घाबरू नका, तो मेणासारखा घट्ट पदार्थ आहे, स्पिरिट नाही.

सिरॅमाइड रेषेच्या खाली आहे. इथे एक अपवाद लक्षात ठेवावा: सिरॅमाइड आणि सोडियम हायलुरोनेट हे अगदी थोड्या प्रमाणातच घातले जातात, त्यामुळे ते रेषेखाली दिसले म्हणून निव्वळ नावापुरते आहेत असं ठरवता येत नाही. युरियाचं तसं नाही. युरिया रेषेखाली असेल तर तो या कामासाठी तिथे नाहीच.

अमेरिकेहून आलेल्या बाटलीबाबत एक सावधगिरी. काही अमेरिकी लोशन तिथे औषध म्हणून विकली जातात आणि त्यांच्या मागे चौकटीत "ॲक्टिव्ह" आणि "इनॲक्टिव्ह" असे दोन भाग असतात. इनॲक्टिव्हची यादी अनेकदा इंग्रजी वर्णक्रमाने लावलेली असते. नावं ए, बी, सी अशी पुढे सरकत असतील आणि पाणी सगळ्यात शेवटी, डब्ल्यूला, येत असेल, तर त्या क्रमावरून प्रमाणाचा काहीही अंदाज बांधू नका.

एकाच पदार्थाची वेगवेगळी नावं

इथे पुष्कळ जण अडकतात. युरोपच्या बाटलीवर "पॅराफिनम लिक्विडम" असतं, अमेरिकेच्या बाटलीवर तेच "मिनरल ऑइल" होतं, आणि आपल्या औषधी ट्यूबवर "लाइट लिक्विड पॅराफिन आयपी" असं छापलेलं असतं. आयपी म्हणजे इंडियन फार्माकोपिया, भारतीय औषधकोशाचं मानक. पेट्रोलेटम म्हणजे आपल्याकडची पेट्रोलियम जेली, आणि औषधी लेबलवरचं "व्हाइट सॉफ्ट पॅराफिन". सेटिअरिल अल्कोहोल आपल्याकडे सेटोस्टेरिल अल्कोहोल म्हणून दिसतं. युरियाला काही जुन्या युरोपीय पॅकवर कार्बामाइड म्हणतात. सुगंधासाठी "परफम", "फ्रॅग्रन्स", "परफ्यूम" हे तिन्ही चालतात.

तेव्हा घरून निघताना कागदावर प्रत्येक महत्त्वाच्या घटकासमोर त्याचं दुसरं नावही लिहून न्या. चार-पाच घटक पुरेत, सगळी यादी उतरवायची गरज नाही. आमच्या उदाहरणासाठी कागद असा होईल: युरिया १०, ग्लिसरीन युरियाइतकं किंवा जास्त, सोडियम लॅक्टेट असल्यास उत्तम, शिया किंवा दुसरं तेल, सुगंध नको. शेवटची ओळ विसरू नका. मूळ बाटलीत सुगंध नव्हता आणि त्वचा शांत राहण्यामागे हेही कारण असू शकतं.

लॅक्टेट आणि लॅक्टिक ॲसिड

दुकानात जाण्यापूर्वी हा एक मुद्दा नीट समजून घ्यायला हवा, कारण आपल्या बाजारातली युरियाची ट्यूब आणि युरोपातलं लोशन यांच्यातला खरा फरक इथे आहे.

युरिया पाण्यात फार काळ स्थिर राहत नाही. तो हळूहळू विघटित होतो, अमोनिया सुटतो आणि क्रीम अल्कधर्मी होत जाते. हे रोखण्यासाठी आम्लता सांभाळणारी जोडी घालतात: सोडियम लॅक्टेट आणि थोडं लॅक्टिक ॲसिड. जर्मन यादीत लॅक्टेट वर आणि लॅक्टिक ॲसिड खूप खाली आहे, याचा अर्थ आम्लता सांभाळणं हाच हेतू आहे. शिवाय लॅक्टेट स्वतःही पाणी धरतो. असं लोशन खरवडलेल्या त्वचेवर थोडं चुरचुरेल, पण सोलणार नाही.

आपल्याकडे औषधी विभागात मिळणाऱ्या युरियाच्या अनेक क्रीमवर मात्र अशी ओळ असते: युरिया १० टक्के, लॅक्टिक ॲसिड १० टक्के, प्रोपिलीन ग्लायकॉल १० टक्के, लाइट लिक्विड पॅराफिन १० टक्के. युरियाचा आकडा तंतोतंत जुळला. पण १० टक्के लॅक्टिक ॲसिड हा मृत थर सोलणारा डोस आहे. जाड टाचेसाठी किंवा दंडावरच्या खरखरीत पुरळासाठी तो चांगला. अख्ख्या अंगाला, चेहऱ्याला, किंवा खाजवून ओरखडे पडलेल्या नडग्यांना लावला तर आग होईल. उन्हाला उघड्या राहणाऱ्या भागावर असं आम्ल लावलं तर त्वचा उन्हाला अधिक हळवी होते, आणि इंदूरचं एप्रिलचं ऊन काही कमी नसतं. हात-मान-चेहऱ्यावर ते वापरायचं असेल तर दिवसा सनस्क्रीन हवंच.

याउलट प्रोपिलीन ग्लायकॉल हाही पाणी धरणाराच पदार्थ आहे, आणि लिक्विड पॅराफिनमुळे या ट्यूबमध्ये झाकण घालणारा भाग जर्मन लोशनपेक्षा जास्त आहे. म्हणजे ही वाईट ट्यूब नाही. टाचेसाठी ती मूळ लोशनपेक्षा सरस ठरू शकते. पर्याय म्हणून तिला घ्यायचं की नाही ते तुमच्या कागदावरच्या पहिल्या ओळीवरून ठरवा.

दुकानात

आपल्या मेडिकलमध्ये दोन फळ्या असतात आणि दोन्हींवरचं लेबल वेगळ्या रीतीने वाचावं लागतं.

पहिली सौंदर्यप्रसाधनांची. तिथे पूर्ण यादी असते, ती वर सांगितल्याप्रमाणे वाचायची. फक्त लहान पॅकला सूट आहे: ३० ग्रॅमपेक्षा कमी क्रीम किंवा ६० मिलिलिटरपेक्षा कमी द्रव असेल तर यादी छापणं बंधनकारक नाही. नमुन्याची छोटी ट्यूब हातात घेऊन "यात काय आहे ते कळत नाही" असं झालं तर त्याच क्रीमचं मोठं पॅक मागवून त्याची यादी वाचा, आणि मग हवं तर छोटं विकत घ्या.

दुसरी फळी औषधांची. तिथे "प्रत्येक ग्रॅममध्ये" असं लिहून औषधी घटकांची टक्केवारी दिलेली असते, जी सौंदर्यप्रसाधनांवर सहसा मिळत नाही. हा मोठा फायदा. तोटा हा की बाकीचं सगळं "क्रीम बेस" या दोन शब्दांत आटोपलेलं असतं. त्या बेसमध्ये ग्लिसरीन किती, सुगंध आहे का, हे बहुधा कळत नाही. सुगंधाची ॲलर्जी असलेल्याने ही ट्यूब आधी हाताच्या आतल्या बाजूला लावूनच पाहावी.

काउंटरवर ब्रँड विचारण्याऐवजी सॉल्ट, म्हणजे औषधी घटक, विचारा: "युरिया १० टक्के, लॅक्टिक ॲसिड नसलेलं किंवा कमी असलेलं, सॅलिसिलिक नको." सॅलिसिलिक ॲसिड हाही सोलणारा पदार्थ आहे आणि युरियाच्या काही ट्यूबमध्ये तो जोडीला असतो. जवळच्या दुकानात दोनच प्रकार असतील तर दवाबाजारात जाण्याचा फायदा होतो, कारण घाऊक बाजारात एकाच सॉल्टच्या वेगवेगळ्या कंपन्यांच्या ट्यूब शेजारी शेजारी ठेवून पाहता येतात. मोबाइलमध्ये मूळ बाटलीच्या मागच्या बाजूचा स्पष्ट फोटो ठेवा. फोटो काढताना अक्षरं वाकडी दिसणार नाहीत म्हणून बाटलीच्या गोलाईवर दोन-तीन तुकड्यांत काढा.

इथे मला एक गोष्ट अगदी कळकळीने सांगायची आहे. "कोरडी, जाड, खाजरी त्वचा" असं तोंडी सांगितलं तर काही वेळा स्टेरॉइडची ट्यूब हातात दिली जाते, सॅलिसिलिक ॲसिडसोबतची क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन. लावल्यावर दोन दिवसांत खाज थांबते, त्वचा गुळगुळीत दिसते आणि माणसाला वाटतं की परदेशी लोशनपेक्षाही छान मिळालं. काही महिन्यांनंतर त्वचा पातळ होते, लाल रेषा उमटतात, बुरशीचा गजकर्ण पसरतो. नावाच्या शेवटी "सोन", "सोल" किंवा "लोन" असलेला घटक मॉइश्चरायझरमध्ये असता कामा नये. मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन ही अशीच नावं. २०१८ पासून अशी लावायची स्टेरॉइडं शेड्यूल एचमध्ये आहेत, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत. पॅकच्या डाव्या कडेला उभी लाल रेघ आणि "आरएक्स" ही खूण दिसली तर ती ट्यूब खाली ठेवा.

तीन उमेदवार

समजा दुकानात तीन वस्तू हाती आल्या.

पहिली, एक फूट क्रीम. पुढे "युरियायुक्त" असं ठळक. मागे पाणी, लिक्विड पॅराफिन, सेटोस्टेरिल अल्कोहोल, ग्लिसरीन, मग फेनॉक्सिइथेनॉल, परफ्यूम, आणि त्यानंतर युरिया, कोरफड, कोकम. युरिया एक टक्क्याच्या आत. ही साधी, सुगंधी, पॅराफिनची क्रीम आहे. तिला कमी लेखायचं कारण नाही, टाचेवर झाकण म्हणून चालेल, पण ती आपल्या लोशनची जागा घेणार नाही.

दुसरी, वर सांगितलेली युरिया १०, लॅक्टिक ॲसिड १०, प्रोपिलीन ग्लायकॉल १०, पॅराफिन १० अशी औषधी ट्यूब. टाचेसाठी बाजूला ठेवा.

तिसरी, भारतात बनलेलं लोशन. पुढे "युरिया १०%", आणि मागे पाणी, युरिया, ग्लिसरीन, लिक्विड पॅराफिन, सेटिअरिल अल्कोहोल, सोडियम लॅक्टेट, डायमेथिकोन, फेनॉक्सिइथेनॉल. इथे क्रम उलटा आहे: युरिया आधी, ग्लिसरीन नंतर. म्हणजे ग्लिसरीन १० टक्के किंवा त्याहून कमी. किती कमी ते यादी सांगत नाही, पण त्यापाठोपाठ लिक्विड पॅराफिन आहे आणि मग सेटिअरिल अल्कोहोल, जे लोशनमध्ये साधारणपणे काही टक्के लागतंच. तेव्हा ग्लिसरीनही नाममात्र नसावं. शियाच्या जागी पॅराफिन आहे. पॅराफिन हे शियापेक्षा चांगलं झाकण घालतं, स्पर्श मात्र थोडा तेलकट. सुगंध नाही. तीनांत हेच सर्वात जवळचं.

आता किंमत. आकडा पॅकवर पाहून निर्णय घेऊ नका, दर १०० ग्रॅमचा हिशेब काढा, आणि त्याआधी किती लागेल ते मोजा. त्वचारोगतज्ज्ञ मात्रेसाठी बोटाच्या टोकाचं माप वापरतात: मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या शेवटच्या पेरावर ट्यूबमधून काढलेली एक रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम. एका गुडघ्याखालच्या पायाला आणि पावलाला मिळून अशी पाच मापं लागतात, म्हणजे अडीच ग्रॅम. दोन्ही पायांना रोज एकदा ५ ग्रॅम, महिन्याला १५० ग्रॅम. ३० ग्रॅमची ट्यूब सहा दिवसांत संपेल. ती समजा १८० रुपयांना असेल तर महिन्याचे ९०० रुपये होतात, आणि मग लोक काटकसर म्हणून अर्धंच लावतात आणि "देशी क्रीमने फरक पडत नाही" असं म्हणतात. दोनशे-चारशे मिलिलिटरच्या बाटलीत तेच सॉल्ट मिळत असेल तर तीच घ्या, ट्यूब फक्त टाचांपुरती.

जुळणारं काहीच मिळालं नाही तर

ग्लिसरीन आणि युरिया एकाच बाटलीत हवेतच असं नाही. आंघोळीनंतर टॉवेलने हलकं टिपून, त्वचा ओलसर असतानाच युरियाची क्रीम लावा. ती मुरली की, साधारण दहा मिनिटांनी, वरून ग्लिसरीन असलेलं साधं, बिनसुगंधी मॉइश्चरायझर. टाचांवर त्याऐवजी पेट्रोलियम जेलीचा पातळ हात आणि सुती मोजे. डिसेंबर-जानेवारीत हवा इतकी कोरडी असते की झाकण घालणारा थर नसेल तर नुसतं पाणी धरणारं लोशन दुपारपर्यंत टिकत नाही; पाऊस सुरू झाला की तोच थर चिकट वाटेल, तेव्हा तो बंद करा.

दोन क्रीम डबीत एकत्र कालवून ठेवू नका. तेल आणि पाणी बांधून ठेवणारी घडी मोडू शकते, टिकाऊपणासाठी घातलेलं रसायन पातळ होतं आणि ओल्या बोटांनी जंतू जातात. त्यात ग्लिसरीनची बाटली ओतणं हाही तोच प्रकार. थर एकावर एक द्या.

पर्याय खरोखर जुळला का ते तपासणं

नवी क्रीम आली की पहिला आठवडा कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागेत दिवसातून दोनदा लावा. एकदा लावून "काही झालं नाही" यावर थांबू नका, कारण ॲलर्जीची पुरळ अनेकदा काही दिवसांनी उठते. लावताक्षणी दोन-चार मिनिटं चुरचुरणं आणि ॲलर्जी यांत फरक आहे: चुरचुर थांबते आणि मागे खूण राहत नाही, ॲलर्जीत खाज, लालसरपणा, बारीक पुटकुळ्या येतात आणि वाढतात.

हे पार पडलं आणि जुन्या बाटलीत थोडं शिल्लक असेल तर ते वाचवून ठेवा. डाव्या पायाला जुनं, उजव्याला नवं, दोन आठवडे, तेवढ्याच मात्रेत आणि त्याच वेळेला. संध्याकाळी नडगीवर नखाने हलकी रेघ ओढा. कोरड्या त्वचेवर पांढरी रेघ उमटते आणि भुकटी दिसते. ओल टिकून असेल तर रेघ जवळपास दिसत नाही. काळे मोजे उलटे करून झटकले तर कुठल्या पायाचे खवले जास्त पडतात तेही कळतं. आंघोळीनंतर किती वेळाने त्वचा ओढल्यासारखी वाटते ते दोन्ही पायांसाठी लिहून ठेवा. माझ्याकडे येणाऱ्या एका मावशींनी कॅलेंडरच्या चौकोनांत डावा-उजवा अशा खुणा केल्या होत्या. दुसऱ्या आठवड्याअखेर दोन्ही पाय सारखे झाले आणि त्यांनी मुलाला बाटल्या पाठवू नकोस असा निरोप दिला. वरच्या तिसऱ्या उमेदवारासारखंच ते लोशन होतं, टाचांना मात्र रात्री औषधी ट्यूब.

बाटली ठेवायची कुठे हेही पाहा. उष्णतेने युरियाचं विघटन वेगाने होतं, आणि मे महिन्यात बंद गाडीत किंवा पश्चिमेच्या खिडकीत ठेवलेलं लोशन लवकर बिघडतं. झाकण उघडताच अमोनियाचा उग्र वास आला, रंग पिवळट झाला किंवा पाणी वेगळं सुटलं, तर तारीख शिल्लक असली तरी टाकून द्या. न्हाणीघरापेक्षा कपड्यांच्या कपाटाचा खालचा कप्पा बरा.

काही जणांनी हा शोध स्वतः करू नये. मधुमेह असेल तर टाचेला, तळव्याला युरिया लावता येतो, पण बोटांच्या बेचक्यांत नाही, तिथे ओल साचून बुरशी होते. आणि भेगेतून रक्त येत असेल किंवा पायाची संवेदना कमी झाली असेल तर आधी डॉक्टर. तान्ह्या बाळांना युरिया आणि लॅक्टिक ॲसिडच्या क्रीम बालरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय लावू नयेत. दोन आठवडे नीट लावूनही खवले, लाली किंवा खाज तशीच असेल तर प्रश्न क्रीमचा नसून सोरायसिस, एक्झिमा किंवा थायरॉइडचा असू शकतो, आणि तेव्हा जुनी बाटली, नवी बाटली आणि तो कागद घेऊन त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. घटकांची यादी समोर असली की त्यांनाही पुढचं औषध ठरवणं सोपं जातं.